चालू पंपाची गोळी

मी चौथी पास. पाचवीत बसलो होतो, पण मास्तरांशी पटलं नाही. देवासच्या नगरपालिकेत पाणीखात्यात लागलो तेव्हा मला पाना कसा धरायचा तेही ठाऊक नव्हतं. आधी वाल्व्ह फिरवायचं काम, मग पंपघर. शेवटची कितीतरी वर्षं पंपघर माझ्याच हातात होतं. इंजिनियर यायचे, बदलून जायचे. मोटर गरम का होते हे मात्र मला विचारायचे. कानाने ऐकून सांगायचो, बेअरिंग गेलं. खोलून बघा म्हणायचो. खोलल्यावर तसंच निघायचं. हे सगळं मोठेपणासाठी नाही सांगत. पुढे जे घडलं ते याच पंपाच्या घमेंडीतून घडलं, म्हणून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाली आणि बायकोची छाती जळायला लागली. जेवली की जळजळ, आडवी झाली की आंबट पाणी घशाशी. आधी घरचं करून बघितलं. बडीशेप, थंड दूध, ओवा. मग तिने तिखट सोडलं. आमच्या घरात तिखट सोडणं म्हणजे पंपाने पाणी सोडून हवा ओढण्यासारखं. पुढे पुढे ती भिंतीला तीन उशा लावून बसल्या-बसल्या झोपायला लागली. मी विचारलं की म्हणायची, मला काही होत नाही, तुम्ही झोपा. ही बाई पन्नास वर्षं मला हेच सांगत आली आहे.

शेवटी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर हुशार होता, पण घाईत. त्याने सगळं विचारलं, पोट दाबून बघितलं. वजन उतरलं का, गिळताना अडकतं का, काळं शौच होतं का, हेही विचारलं. तसलं काही नव्हतं. म्हणाला, रोज एक गोळी, सुबह खाली पेट, नाश्ते से आधा घंटा पहले. दोन महिने घ्या. आराम नाही पडला तर दुर्बीण घालून पोट बघावं लागेल, त्यासाठी इंदूरला जावं लागेल.

दुर्बीण म्हटल्यावर बायकोचा चेहरा उतरला. बाहेर रिक्षात बसल्यावर तिने विचारलं, ती नळी घशातून घालतात ना? मी म्हटलं, बारीक असते. ती म्हणाली, आपल्या गल्लीतली ती मास्तरीणबाई नळीच्या नावानेच रडत गेली होती. मी नाही जाणार. काही झालं तरी नाही जाणार. तेव्हापासून गोळीचा परिणाम होणं न होणं म्हणजे नळी चुकणं न चुकणं, एवढाच हिशेब तिच्या डोक्यात. रोज देवाला हात जोडून हेच मागायची.

आता माझं ऐका. घरी आल्यावर मी गोळीचा विचार केला. औषधाचा दुकानदार म्हणाला होता, पोटात आम्ल सोडणारे बारीक पंप असतात, ही गोळी ते बंद करते. पंप हा शब्द ऐकला की माझे कान टवकारतात. मी म्हटलं, पंपाची गोष्ट आहे तर मला कोणी शिकवायची गरज नाही. पंपाला हात लावायचा तो बंद असताना. सगळं शहर झोपलेलं असतं, पाण्याची खेच नसते, तेव्हा आम्ही लाईन बंद करून काम करायचो. चालू पंपात हात घालणारा माणूस मी दोन बोटं घालवून बसलेला बघितला आहे. मग पोटातले पंप झोपलेले कधी असतात? रात्री. शिवाय बायकोला त्रास कधी जास्त? रात्री, आडवं झाल्यावर. म्हणजे गोळी रात्रीच द्यायची. डॉक्टर काय, रोज शंभर लोकांना सुबह सुबह सांगतो, तेच तोंडात बसलेलं.

त्यात भर म्हणजे माझा जुना जोडीदार. पंपघरात माझ्याबरोबर होता. तो चहाच्या टपरीवर म्हणाला, भिया, मी तर झोपायच्या आधी जळजळीची एक गोळी घेतो, रात्रभर शांत. झालं. माझं डोकं बरोबर चालतंय याची पक्की खात्रीच पटली.

तिसरंही कारण होतं, ते घरातलं. बायको सकाळी आंघोळ करून पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. हे तिचं लग्न होऊन आल्यापासूनचं, तिच्या सासूने, म्हणजे माझ्या आईने लावलेलं. पूजा झाली की देवाला दूध-साखरेचा नैवेद्य, मग लगेच चहा आणि पोहे. मधे आधा घंटा कुठून आणायचा? उगाच सकाळी तिच्याशी भांडण कशाला. मी तिला सांगितलं, रात्री झोपताना घ्यायची आहे. ती बरं म्हणाली. मी स्वतः रात्री अकराला टीव्ही बंद करून गोळी तिच्या हातावर ठेवायचो, पाण्याचा पेला धरायचो. कर्तव्यात कसूर नाही.

पहिला आठवडा काही फरक नाही. मी म्हटलं, धीर धर. दुसरा आठवडा, तेच. तिसऱ्या आठवड्यात मी डॉक्टरकडे एकटाच गेलो. त्याने विचारलं, गोळी बराबर लेते हो? मी म्हटलं, एक दिवस चुकत नाही. खोटं नव्हतं. त्याने वेळ विचारली नाही आणि मी सांगितली नाही. गोळी बदलून दिली, त्याच जातीची, दुसऱ्या नावाची. पुन्हा तेच पाढे. महाग गोळी, गोळ्यांचं चकचकीत पान, आणि बायको तीन उशांवर. मला कंपनीचा राग, दुकानदाराचा राग, डॉक्टरचा तर फारच. कशावर राग धरायचा ते ठरत नसल्याने मी घरातल्या नळाच्या गळतीवर धरला आणि एका दुपारी सगळ्या चकत्या बदलून टाकल्या.

दोन महिने संपत आले. बायकोने पिशवी भरली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, धारला लेकीकडे जाऊन येऊ, मग ती नळी घालायचं बघू. तिने हे इतक्या शांतपणे म्हटलं की मला ओरडावंसं वाटलं.

लेक धारला शाळेत शिकवते. घर तिचं छोटं, पण वरच्या मजल्यावरून तलाव दिसतो. पहिल्याच रात्री मी नेहमीप्रमाणे अकराला गोळी काढून बायकोच्या हातावर ठेवली. लेक कपडे घडी करत होती. "बाबा, ही गोळी आत्ता?"

मी म्हटलं, हो, आत्ताच. रोज आत्ताच. तिने पान उचलून बघितलं आणि म्हणाली, माझ्या मुख्याध्यापिकेला हीच होती, ती शाळेत येण्याआधी घरून घेऊन यायची. डॉक्टरने तुम्हाला काय सांगितलं होतं? मी म्हटलं, डॉक्टर सांगतो ते ब्रह्मवाक्य नसतं. तिने रात्रीच का असं विचारलं म्हणून मी पंपाचं सांगितलं. शिकलेली मुलगी, पण बापाचं ऐकून घेण्याची पद्धतच नाही. मधेच म्हणाली, तुम्ही दोन महिने आईला चुकीच्या वेळी गोळी दिली? मी म्हटलं, चुकीच्या कशी, सिद्ध कर. ती म्हणाली, उद्या चला, आमच्या कोपऱ्यावर मेडिकल आहे, तिथले काका तीस वर्षं औषधं विकतात, त्यांनाच विचारा. मी लगेच तयार. मला वाटलं, बरं झालं, आता तिच्यासमोरच हिशेब होईल. बायको बिचारी गोळी हातात घेऊन आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत बसली होती. मी म्हटलं, घे, गिळ. ती म्हणाली, आजच्या दिवस राहू दे, असं म्हणून परत पानाजवळ ठेवून दिली. तेवढ्यावरून मला रात्रभर झोप नाही.

मेडिकलवाला माझ्याच वयाचा, पांढरा टी-शर्ट, काचेवर बोट वाजवत उभा. लेकीने सगळं सांगायला सुरुवात केली, मी तिला थांबवलं. म्हटलं, मी सांगतो. आणि मी पहिल्यांदाच पंपाचा प्रश्न सरळ विचारला. चालू पंपात कोणी हात घालतं का?

तो हसला नाही, हे मला आवडलं. चष्मा वर सरकवून म्हणाला, "दादा, यही तो बात है. ये दवाई चालू पंप में ही हाथ डालती है. बंद को तो छूती भी नहीं."

मग त्याने हिंदी-मराठी मिसळून जे सांगितलं ते मी घरी येईपर्यंत तोंडाने पुन्हा पुन्हा म्हणत आलो, विसरू नये म्हणून. गोळीवर लेप असतो, तो पोटातल्या आम्लात विरघळू नये म्हणून. म्हणूनच ती चावायची नाही, फोडायची नाही. ती पोट ओलांडून आतड्यात जाते, तिथे विरघळते, रक्तात उतरते, आणि रक्तातून फिरून पोटाच्या भिंतीतल्या पंपांकडे मागच्या अंगाने येते. आता पंप चालू असेल तर तिथे ताजं आम्ल निघत असतं. त्या आम्लातच औषधाला धार येते आणि ते पंपाला कायमचं चिकटून त्याला जाम करतं. पंप बंद असेल तर आम्ल नाही, धार नाही. औषध शेजारून निघून जातं. रक्तात त्याचा मुक्काम जेमतेम दोन-तीन तासांचा. मग ते संपलं, आणि सकाळी जेव्हा पंप सुरू होतील तेव्हा घरात पाहुणा नाहीच.

मी हरलो नव्हतो. मी म्हटलं, पण रात्रीसुद्धा जेवण होतंच ना, तेव्हाही पंप चालू असतात. तो म्हणाला, किती वाजता जेवता? मी म्हटलं, नऊ-साडेनऊ. गोळी किती वाजता? अकरा. म्हणजे भरल्या पोटात गोळी पडते, तो म्हणाला, अन्नाच्या मागे अडकून राहते, उशिरा खाली उतरते. ती विरघळून रक्तात येईपर्यंत जेवणाचे पंप थंड पडत आलेले असतात. आणि पुढचं जेवण कधी? थेट सकाळी. तिकडे रात्रभर पोटात नवे पंप तयार होऊन बसतात, सगळ्यात जास्त सकाळी उपाशीपोटी. पहिला घास पडला की ते सगळे एकदम सुरू होतात. त्या वेळी औषध रक्तात हजर पाहिजे. म्हणून अर्धा ते एक तास आधी घ्यायची आणि मग खायचं. नुसती घेऊन उपाशी बसलं तरी काम होत नाही.

लेक माझ्याकडे बघत नव्हती, काचेतल्या साबणाकडे बघत होती. हे तिने बरं केलं.

मी विचारलं, जाम झालेला पंप दुरुस्त होतो का? नाही, म्हणाला, शरीर नवीन बनवतं. म्हणूनच औषध दोन तासांत संपलं तरी परिणाम दिवसभर टिकतो, आणि म्हणूनच रोज घ्यावी लागते. पण सगळे पंप एकाच वेळी चालू नसतात, रोज थोडे थोडे सापडतात, त्यामुळे पूर्ण आराम पडायला चार-पाच दिवस लागतात. हे मात्र मला लगेच पटलं. पंपघरातही एका दिवसात सगळ्या मोटरी कधीच हाताला लागत नाहीत.

शेवटचा बाण मी जोडीदाराचा सोडला. तो रात्री घेतो, त्याला आराम आहे. मेडिकलवाल्याने फळीवरून एक वेगळं पान काढून दाखवलं. म्हणाला, "वो दूसरी जात की गोली है, दादा. वो पंप को नहीं, पंप चलाने वाले हुकुम को रोकती है." ती रिकाम्या पोटाचं, रात्रीचं आम्ल कमी करते, तिला जेवणाची वाट बघावी लागत नाही, म्हणून झोपताना चालते. दोघी एकाच कामाच्या, पण एकीचं वेळापत्रक दुसरीला लावायचं नाही. वर म्हणाला, या बाईंना रात्री उशिरा जेवू देऊ नका. जेवण आणि आडवं होणं यात दोन-तीन तास ठेवा. आणि या वेळापत्रकानेही महिनाभरात फरक नाही पडला, तर दुर्बीण टाळू नका, डॉक्टरला खरं सांगून जा. खरं या शब्दावर त्याने माझ्याकडे बघितलं, असं मला वाटलं. कदाचित बघितलंही नसेल.

परत येताना रस्त्यात लेक म्हणाली, "चूक तुमची होती हे आईला तुम्ही सांगाल की मी सांगू?" मी म्हटलं, मीच सांगेन. पण कधी, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आता सकाळचा घोळ. मी बायकोला म्हटलं, उद्यापासून गोळी सकाळी, उपाशीपोटी. ती म्हणाली, पूजेच्या आधी? मी काही खात-पीत नाही. मी म्हटलं, औषध हे खाणं नाही. ती म्हणाली, पाण्याशिवाय कशी उतरेल? मी म्हटलं, पाणी घे. ती म्हणाली, पाणीच तर घेत नाही. असं पाच मिनिटं फिरत राहिलो. शेवटी लेकीने विचारलं, आई, तुझ्या पूजेला किती वेळ लागतो? बायको म्हणाली, देव पुसून, फुलं वाहून, आरती म्हणून पाऊण तास तरी. लेक म्हणाली, मग आंघोळ करून आलीस की गोळी घे आणि पूजेला बस. उठशील तोवर वेळ बरोबर भरलेली असेल. मग नैवेद्य, चहा, पोहे.

बायको विचारात पडली. मग तिला कोणा गुरुजींचं काही आठवलं, की औषधाला सोवळं-ओवळं नसतं, तिच्या माहेरी म्हणायचे. मला मनात आलं, हे दोन महिन्यांपूर्वी आठवलं असतं तर? पण दोन महिन्यांपूर्वी मी तिला सकाळचं विचारलंच कुठे होतं.

पहिल्या दिवशी तिने घेतली. मी घड्याळ घेऊन बसलो. पूजा लांबली तर मी खाकरायचो, मग ती आतून म्हणायची, खाकरू नका, देव घाबरतात. रात्रीचं जेवण साडेसातला आणलं, ते माझ्या पोटाला अजून पटलेलं नाही. टीव्हीतली मंडळी भांडायला सुरुवात करतात तेव्हा आमची भांडी घासून झालेली असतात. तीन दिवस काही फरक नाही. माझा जीव वर-खाली. चौथ्या दिवशी ती म्हणाली, आज जरा बरं वाटतंय. पाचव्याला काही बोलली नाही. सहाव्या दिवशी मी रात्री उठलो तर भिंतीशी एकच उशी होती आणि ती कुशीवर वळून, पाय पोटाशी घेऊन, गाढ झोपली होती. मी बराच वेळ उभा राहिलो. मग वाटलं, उद्या सांगायचं. आता टाळण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सकाळी ती पूजेवरून उठून चहा घेऊन आली. देवासला परतलो होतो, लेक नव्हती, म्हणजे मधे बोलायला कोणी नव्हतं. मी म्हटलं, ऐक, ती गोळी रात्रीची नव्हतीच. डॉक्टरने सकाळीच सांगितली होती. मी बदलली.

तिने पोह्यांवर लिंबू पिळलं. म्हणाली, "मला माहीत आहे. मी तिथेच तर बसले होते."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? दोन महिने बसून काढलेस, नळीला घाबरत होतीस, एकदा तरी म्हणायचंस.

"तुमच्याशी पंपावरून कोण डोकं लावणार?" ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात रात्री, मी म्हटलं, असेल, पंप यांना कळतात. नंतर फरक पडेना तेव्हा वाटलं, आता सांगितलं तर तुम्ही डॉक्टरशी भांडायला जाल आणि मग तोही तपासायचा नाही."

चुकलो म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, असू दे. तिचं असू दे मला आयुष्यभर पुरून उरलं आहे. मी म्हटलं, आता तरी पुढे असलं मनात ठेवू नकोस. ती म्हणाली, ठेवणार नाही. उठून माझ्या कपाटाकडे गेली आणि औषधांचा डबा घेऊन आली. सगळी पानं काढून तिने स्वतःच्या देवघराच्या खणात ठेवली आणि रिकामा डबा माझ्यापुढे सरकवला.

"आता गोळीची वेळ मी बघणार," ती म्हणाली. "तुम्ही नळाच्या चकत्या बघा."

महिन्याने डॉक्टरकडे गेलो. या वेळी सगळं ती बोलली. रात्री घेत होते, आता सकाळी घेते, फरक आहे, असं तिने सरळ सांगितलं, कोणाचं नाव न घेता. डॉक्टरने दुर्बीण सध्या नको म्हटलं, हळूहळू कमी करून बंद करायचं बघू म्हणाला, आणि एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मी खुर्चीत बसून त्याच्या टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होतो. बायको मात्र दारातून बाहेर पडताना थांबली, मागे वळून म्हणाली, चला, पंपवाले.